जुना चेंडू, उशिराचे वळण आणि थुंकीचा प्रश्न

विशाखापट्टणमच्या कसोटीचा दुसरा दिवस, ३ फेब्रुवारी २०२४. इंग्लंडचा ऑली पोप फलंदाजी करत होता. आधीच्याच हैदराबादच्या कसोटीत त्याने १९६ धावा काढून भारताच्या तोंडचा घास पळवला होता. जसप्रीत बुमराने आधी जो रूटला बाहेर जाणाऱ्या चेंडूवर स्लिपमध्ये झेल द्यायला लावले आणि मग पोपला एक यॉर्कर टाकला. हवेत बराच वेळ सरळ येणारा तो चेंडू शेवटच्या टप्प्यात आत वळला, बॅट खाली यायच्या आत पायाशी पोहोचला आणि स्टंप उखडले गेले. बुमराने त्या डावात ४५ धावांत ६ बळी घेतले. फिरकीला साथ देणाऱ्या, वेगवान गोलंदाजांसाठी कोरड्या ठणठणीत मानल्या जाणाऱ्या भारतीय खेळपट्टीवर हे घडले आणि त्याला कारण होते चेंडूचे म्हातारपण.

रिव्हर्स स्विंगबद्दल आपल्याकडे पानाच्या टपरीपासून समालोचकांच्या खोलीपर्यंत दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात. पहिले असे, की एक बाजू घामाने आणि थुंकीने भिजवून जड केली जाते आणि चेंडू त्या जड बाजूकडे ओढला जातो. दुसरे असे, की गुळगुळीत बाजू हवेतून वेगाने जाते, खरखरीत बाजू मागे अडते आणि म्हणून चेंडू वळतो. दोन्ही ऐकायला पटतात आणि दोन्ही चुकीची आहेत. साधारण १६० ग्रॅमच्या चेंडूची एक बाजू थोडी जड झाली, तरी गुरुत्वाकर्षण त्याला खालीच ओढते, आडवे ओढत नाही. फार तर चेंडू डगमगेल. आणि चेंडू हा एकच सलग गोळा आहे. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा वेगाने पुढे जाऊच शकत नाही. गाडीचे एक चाक चिखलात अडकल्यावर गाडी त्या बाजूला वळते, कारण चाकाला जमिनीचा आधार असतो. हवेतल्या चेंडूला तसा आधार नसतो.

या गैरसमजांमुळे दोन तोटे होतात. एक म्हणजे एका अवघड कौशल्याकडे आपण कायम संशयाने पाहतो. दुसरा म्हणजे चेंडूला काय लावावे आणि काय लावू नये, याचे नियम करताना खरी कारणे बाजूला पडतात. थुंकीवरच्या बंदीचा वाद हे त्याचे ताजे उदाहरण आहे. त्या वादाकडे जाण्याआधी चेंडूभोवतीच्या हवेत नेमके काय घडते, ते पाहायला हवे.

चेंडू हवेतून जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक अतिशय पातळ थर वाहत असतो. हा थर दोन प्रकारे वाहू शकतो. एक प्रकार शांत, जिथे हवेचे पदर एकमेकांवरून न मिसळता सरकतात. दुसरा खळबळता, जिथे हवा आतल्या आत भोवरे घेत पुढे जाते. हाच फरक दवाखान्यात रोज कानावर पडतो. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा अर्धवट आवळलेला असतो, तेव्हा अरुंद झालेल्या धमनीतून रक्त खळबळत जाते आणि स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येतात. पट्टा पूर्ण सैल झाला की प्रवाह शांत होतो आणि आवाज थांबतो. धमनी तीच, रक्त तेच, बदलते ती फक्त वाहण्याची तऱ्हा.

चेंडूच्या बाबतीत या दोन तऱ्हांमधला महत्त्वाचा फरक असा, की शांत थर लवकर थकतो. चेंडूचा फुगीर भाग ओलांडण्याच्या सुमारासच तो पृष्ठभाग सोडून देतो. खळबळत्या थरात मात्र बाहेरची वेगवान हवा सतत आत मिसळत राहते, त्यामुळे त्याच्यात दम असतो. तो चेंडूला अधिक काळ चिकटून राहतो, मागच्या बाजूपर्यंत वळसा घालतो आणि मग सुटतो. आता एका बाजूला थर लवकर सुटला आणि दुसऱ्या बाजूला उशिरा, तर चेंडूमागची हवा सरळ मागे न जाता एका बाजूला ढकलली जाते. चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो, म्हणून हवा चेंडूला विरुद्ध बाजूला ढकलते. सगळ्या स्विंगचे सार एका वाक्यात सांगायचे तर, ज्या बाजूला हवा जास्त वेळ चिकटते, त्या बाजूला चेंडू जातो.

नव्या चेंडूवर हा फरक घडवून आणते ती शिवण. गोलंदाज शिवण थोडी तिरकी धरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासाठी ती पहिल्या स्लिपकडे रोखली आहे असे समजू. स्लिपकडच्या बाजूने जाणारी हवा शिवणीच्या उंचवट्याला अडखळते आणि खळबळती होते. दुसरी बाजू नवी, गुळगुळीत असते, तिथला थर शांतच राहतो आणि लवकर सुटतो. म्हणून चेंडू स्लिपकडे, म्हणजे शिवण जिकडे रोखली आहे तिकडे वळतो. हा नेहमीचा आउटस्विंग. त्यासाठी फार वेगाची गरज नसते, उलट मध्यम वेगाच्या गोलंदाजांना तो अधिक चांगला जमतो.

वेग खूप वाढवला तर काय होते? दोन्ही बाजूंचा थर शिवणीपर्यंत पोहोचण्याआधीच आपोआप खळबळता होतो. आता शिवणीचे काम उलटे होते. आधीच खळबळत असलेल्या थराला तिचा उंचवटा आडवा येतो, त्यामुळे तो थर जाड आणि दुबळा होतो आणि लवकर सुटतो. शिवण नसलेल्या बाजूचा थर मात्र ताजा राहतो आणि जास्त वेळ चिकटतो. परिणामी चेंडू शिवणीच्या दिशेऐवजी तिच्या विरुद्ध दिशेला जातो. हाच रिव्हर्स स्विंग. नव्या चेंडूवर हे घडण्यासाठी ताशी १४० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेग लागतो आणि तो जगातल्या मोजक्याच गोलंदाजांकडे असतो.

इथे खरखरीत बाजूचे महत्त्व कळते. तिरक्या शिवणीमुळे चेंडूचा एक अर्धा भाग फलंदाजाच्या समोर येतो आणि दुसरा थोडा मागे राहतो. समोर येणारा अर्धा भाग खरखरीत असेल, तर त्यावरून जाणारी हवा ओरखड्यांना, भेगांना, उसवलेल्या चामड्याच्या तंतूंना लगेच अडखळते आणि कमी वेगालाही खळबळती होते. म्हणजे जे काम नव्या चेंडूवर केवळ वेगाने होत होते, ते जुन्या चेंडूवर खरखरीतपणा करतो. वेगाचा उंबरठा खाली येतो. ताशी १३० किलोमीटरने टाकणाऱ्या गोलंदाजालाही रिव्हर्स स्विंग साधू शकतो. शिवण स्लिपकडे, खरखरीत बाजू लेगकडे आणि फलंदाजासमोर, चेंडू शिवणीच्या विरुद्ध म्हणजे खरखरीत बाजूकडे, फलंदाजाच्या पायांत येतो.

चकचकीत बाजूचे काम मग काय? ती राखली असेल तर गोलंदाजाला दोन हत्यारे मिळतात. शिवण तशीच स्लिपकडे ठेवून त्याने चेंडू फक्त उलटा धरला आणि चकचकीत बाजू समोर आणली, तर वेग फार नसताना तोच चेंडू नेहमीसारखा बाहेर जातो. पकड तीच, धाव तीच, हाताची फेक तीच, पण एक चेंडू आत आणि एक बाहेर. श्रीरामपूरचा झहीर खान धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकून का घेत असे, याचे उत्तर इथे आहे. कोणती बाजू चकचकीत आहे हे आधी दिसले, तर चाणाक्ष फलंदाज अर्धी लढाई जिंकतो.

अनेक क्रिकेटपटू सांगतात की रिव्हर्स स्विंगमध्ये चेंडू चकचकीत बाजूकडे जातो. ते खोटे बोलत नाहीत, ते दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतात. शिवण तिरकी न धरता अगदी सरळ उभी ठेवली, तर शिवणीचा प्रभाव दोन्हीकडे सारखा राहतो आणि फरक उरतो तो फक्त पृष्ठभागांचा. अशा वेळी वेग कमी असेल तर खरखरीत बाजूचा थर खळबळता आणि चकचकीत बाजूचा शांत राहतो, म्हणून चेंडू खरखरीत बाजूकडे जातो. वेग भरपूर असेल तर दोन्ही थर खळबळते होतात, खरखरीत बाजूचा थर घर्षणाने जाड होऊन लवकर सुटतो आणि चेंडू चकचकीत बाजूकडे जातो. नियम तोच आहे, हवा जिथे जास्त चिकटते तिकडे चेंडू. म्हणून शिवण कशी होती हे न सांगता ‘खरखरीत की चकचकीत’ असा वाद घालण्यात अर्थ नाही.

हे सगळे केवळ तर्काने ठरलेले नाही. रवींद्र मेहता या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंडू वायुबोगद्यात सोडून त्याच्यावरचा आडवा जोर मोजला आणि १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे नासात काम केलेले मेहता इंग्लंडमधल्या वूस्टरच्या शाळेत इम्रान खान यांचे शाळासोबती होते. मैदानावर मात्र हे ज्ञान त्याआधीच पोहोचले होते. पाकिस्तानच्या सरफराज नवाझ यांच्याकडून ते इम्रानकडे आणि इम्रानकडून वासिम अक्रम आणि वकार युनूस यांच्याकडे गेले. गवत कमी, माती कठीण आणि हवा कोरडी अशा मैदानांवर चेंडू लवकर झिजतो. तिथल्या गोलंदाजांनी झिजलेल्या चेंडूचे काय करायचे याचा शोध घेतला, यात नवल नाही.

आता ‘उशिरा’ या शब्दाकडे येऊ. चेंडू शेवटच्या क्षणी अचानक वळला असे प्रत्येक बाद झालेला फलंदाज सांगतो. यात जादू नाही, साधे गणित आहे. चेंडू ताशी १४० किलोमीटरने निघाला, तर हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. हवेचा आडवा जोर चेंडूच्या वजनाच्या पाव भाग आहे आणि तो पूर्ण वेळ सारखाच राहतो, असे गृहीत धरू. तर अर्ध्या सेकंदात चेंडू आपल्या मूळ रेषेपासून सुमारे ३० सेंटीमीटर सरकतो. पण हे सरकणे वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून निम्मा वेळ गेला तेव्हा तो जेमतेम ८ सेंटीमीटर सरकलेला असतो आणि उरलेले २२ सेंटीमीटर तो दुसऱ्या निम्म्या वेळात सरकतो. जोर पहिल्यापासून सारखाच असतो, डोळ्याला मात्र वळण शेवटीच दिसते.

यात माणसाच्या शरीराची एक मर्यादा मिळवा. डोळ्याने पाहिलेला बदल मेंदूने ओळखून हातांची हालचाल बदलायला साधारण ०.२ सेकंद लागतो. ऑक्सफर्डचे पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या ठेवून चेंडूची उसळी अनपेक्षितपणे बदलवली होती. आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाजही त्यापेक्षा कमी वेळात फटका बदलू शकले नाहीत. सराव करून हा वेळ फारसा कमी होत नाही, तो मज्जासंस्थेचाच वेग आहे.

म्हणजे आपल्या उदाहरणात फलंदाजाला शेवटचा निर्णय ०.३ सेकंदाला घ्यावा लागतो. त्या क्षणी चेंडू ११ सेंटीमीटर सरकलेला असतो. फलंदाजाचा मेंदू चेंडूची त्या क्षणीची दिशा आणि वेग पाहून पुढचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज सुमारे २६ सेंटीमीटरचा निघतो. कारण आपले डोळे वेग चांगला ओळखतात, पण वेगात होणारी वाढ ओळखण्यात कच्चे असतात. प्रत्यक्षात चेंडू ३० सेंटीमीटरच्या थोडा पुढे जातो. अंदाजात आणि वास्तवात जवळजवळ ५ सेंटीमीटरची तफावत राहते. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर असते, म्हणजे मधोमधापासून कडेपर्यंत साडेपाच सेंटीमीटरही नाहीत. चेंडू बॅटच्या मध्यावर घेण्याचा पूर्ण प्रयत्न केलेल्या, काहीही न चुकलेल्या फलंदाजाचा चेंडू कडेवर लागतो, तो असा. आणि शिवण स्लिपकडे पाहून तो बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट पाहत असेल, तर मग स्टंप मोजण्याखेरीज काही उरत नाही.

टीव्हीवर हे ओळखायचे असेल तर संथ चित्रणात दोन गोष्टी पाहाव्यात. शिवण कुठे रोखली आहे आणि टप्पा पडण्याआधी चेंडू कुठे चालला आहे. शिवण स्लिपकडे आणि चेंडू हवेतच आत येतो आहे, तर तो रिव्हर्स. टप्पा पडल्यानंतरचे वळण म्हणजे स्विंग नव्हे, ते शिवणीचे किंवा खेळपट्टीचे काम. आणि शिवण हवेत डगमगत असेल, तर चेंडू कुठे जाईल हे गोलंदाजालाही सांगता येत नाही.

असा चेंडू घडवायला संपूर्ण संघ राबतो. एक बाजू पहिल्या षटकापासून घासून चकचकीत ठेवली जाते, दुसरीकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. कठीण खेळपट्टीच्या बाजूचे उघडे पट्टे आणि कोरडे मैदान बाकीचे काम करतात. सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे खरखरीत बाजू कोरडी ठेवणे. ओलाव्याने उभे राहिलेले तंतू चपटे बसतात, भेगा बुजतात आणि बाजू पुन्हा गुळगुळीत होऊ लागते. म्हणून चांगल्या संघात चेंडू सांभाळायची जबाबदारी एकदोघांवर असते आणि बाकीचे क्षेत्ररक्षक घामट तळवे त्या बाजूला लागू नयेत म्हणून चेंडू शिवणीवर धरून फेकतात. एकाने ओल्या हाताने झेल घेतला आणि विसरून दोन्ही बाजू पँटला पुसल्या, की तासाभराची मेहनत वाया जाते. रात्रीच्या सामन्यात दव पडले, की विषयच संपतो.

एकदिवसीय सामन्यांत २०११ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांकडून वेगळा नवा चेंडू वापरला जाऊ लागला, तेव्हा प्रत्येक चेंडूला जास्तीत जास्त २५ षटकांचे आयुष्य उरले आणि शेवटच्या षटकांतला रिव्हर्स स्विंग जवळजवळ नाहीसा झाला. २०२५ च्या जुलैपासून ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू पुढे वापरायचा असा बदल झाला. जुन्या चेंडूला खेळात जागा हवी, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

झिजणे आणि झिजवणे यांतली रेषा मात्र नाजूक आहे. चेंडू पँटला घासणे, टॉवेलने कोरडा करणे, पंचांच्या देखरेखीखाली चिखल काढणे हे नियमात बसते. जमिनीवर मुद्दाम घासणे, नखाने ओरखडणे, बाहेरचा पदार्थ लावणे बसत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी सँडपेपर आत नेला, तो उघड गुन्हा होता. पण १९९२ च्या उन्हाळ्यात वासिम आणि वकार यांनी इंग्लंडच्या फलंदाजांना हैराण केले, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी थेट लबाडीचा वास घेतला होता. २००५ च्या अॅशेसमध्ये सायमन जोन्स आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ यांनी तेच हत्यार वापरले, तेव्हा त्याची कला म्हणून वाहवा झाली. हवा तीच होती, चेंडूभोवतीचे थर तेच होते. दाखवता येईल असा पुरावा असेल तर शिक्षा व्हावी, नसेल तर वळणाऱ्या चेंडूकडे पाहून चारित्र्य ठरवू नये.

आता थुंकी. २०२० च्या जूनमध्ये करोनामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने चेंडूला थुंकी लावायला बंदी केली. तो निर्णय तेव्हा योग्यच होता. विषाणू लाळेत असतो हे माहीत होते, तो पृष्ठभागांवरून किती पसरतो हे स्पष्ट नव्हते आणि लस आलेली नव्हती. अशा वेळी सावधगिरीच्या बाजूने चूक झाली तरी चालते. पण २०२२ च्या १ ऑक्टोबरपासून ही बंदी कायमची झाली, तेव्हा तिचे कारण आरोग्य उरले नव्हते. नियमांची मालकी असलेल्या एमसीसीने दिलेले कारण वेगळे होते. घामाने तेवढेच काम होते, थुंकी न वापरल्याने स्विंगवर फारसा परिणाम दिसला नाही आणि गोड गोळ्या चघळून चिकट झालेली लाळ चेंडूला लावण्याची पळवाट बंद होते. हा शेवटचा मुद्दा पोकळ नाही. २००४ मध्ये ब्रिस्बेनला झिंबाब्वेविरुद्धच्या सामन्यात चेंडूला गोळीचा चिकटा लागलेला दिसल्याने राहुल द्रविडसारख्या सज्जन खेळाडूलाही निम्मे मानधन दंड म्हणून भरावे लागले होते.

२०२५ च्या मार्चमध्ये मोहम्मद शमीने रिव्हर्स स्विंगसाठी थुंकी पुन्हा वापरू द्या अशी जाहीर मागणी केली आणि त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने ही बंदी उठवली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती कायम आहे. एकाच खेळाडूला एप्रिलमध्ये जे चालते, ते जूनमध्ये गुन्हा ठरते. हा गोंधळ मिटवायचा तर प्रश्नाचे दोन भाग करायला हवेत, खेळाचा वेगळा आणि आरोग्याचा वेगळा.

आरोग्याचा भाग आधी घेऊ. करोना, फ्लू किंवा क्षयरोग हे प्रामुख्याने श्वासातून पसरणारे आजार आहेत. बळी मिळाल्यावर अकरा जण एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडतात, त्यात जेवढा धोका असतो, त्याच्या तुलनेत उन्हात तापलेल्या चेंडूवरच्या थुंकीच्या ठिपक्याचा धोका किरकोळ आहे. व्यावसायिक संघांत डॉक्टर असतात, आजारी खेळाडू बाजूला ठेवला जातो. तिथे आरोग्याचे कारण पुढे करून बंदी टिकवणे बरोबर नाही.

खरा धोका उलट दिशेने जातो आणि तो स्टेडियमवर कमी, गल्लीतल्या मैदानावर जास्त असतो. मुलगा बोट जिभेला लावतो, चेंडूला घासतो, चेंडू मातीत, गटाराच्या कडेला, कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी घाण केलेल्या जागेत जाऊन परत येतो आणि तेच बोट पुन्हा जिभेला लागते. चेंडूवरून तोंडात जाणारे जंतू जुलाबाचे असतात, जंतांची अंडी असतात. पावसाळ्यात सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात उलट्या-जुलाबांची जी गर्दी असते, तिचे मुख्य कारण दूषित पाणी आणि अन्न आहे, चेंडू नाही. तरीही मातीतून तोंडापर्यंतची ही वाट बंद करणे पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या हातात आहे. मुलांनी घामाचा ओलावा वापरावा आणि खेळ संपला की साबणाने हात धुवावेत. जिल्हा आणि शालेय सामन्यांत थुंकीबंदी राहिली तर ते चांगलेच आहे आणि तिचे खरे कारण मुलांना सांगितले पाहिजे.

खेळाचा भाग उरतो. थुंकी चकचकीत बाजू राखायला मदत करते, पण रिव्हर्स स्विंगची वेगाची अट खाली आणणारी बाजू खरखरीत असते आणि तिला थुंकी नको, कोरडेपणा हवा असतो. त्यामुळे थुंकी परत आली की रिव्हर्स स्विंग परत येईल, ही आशा अर्धीच खरी आहे. लाळ घामापेक्षा चिकट असते आणि थंड हवेत, घामच येत नाही तेव्हा ती उपयोगी पडते, एवढा तिचा फायदा मान्य करावा. गोळी चघळलेली लाळ ओळखणे पंचांना कठीण आहे, हा तोटाही मान्य करावा. या दोन्हींचा तोल क्रिकेट परिषदेने क्रिकेटच्या निकषावर ठरवावा आणि आयपीएलसह सगळीकडे एकच नियम लावावा. गोळ्या, च्युइंगम यांवर क्षेत्ररक्षणाच्या वेळी सरसकट बंदी घालून साधी थुंकी चालू देणे हा त्यातला सोपा मार्ग दिसतो. एक गोष्ट मात्र करू नये. साथीच्या भीतीने घेतलेला निर्णय साथ ओसरल्यावरही आरोग्याच्या नावाने चालवू नये. वैद्यकशास्त्राचा दाखला वापरायचा, तर ते शास्त्र आज काय सांगते ते तपासून वापरावा.